तिसरी ओळ

आमच्या लेकीच्या पाळणाघराच्या, म्हणजे इथल्या भाषेत किटाच्या, प्रवेश अर्जात एक पान होते. मुलाला घरी न्यायला कोण कोण येऊ शकते, त्यांची नावे आणि फोन नंबर त्यावर लिहायचे होते. चार ओळी छापलेल्या होत्या. पहिल्या ओळीत मी माझे नाव लिहिले, दुसऱ्या ओळीत नवऱ्याचे, आणि मग आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत बसलो. २०१८ चा सप्टेंबर होता आणि म्युनिकला येऊन आम्हाला चार वर्षे झाली होती. शनिवारी ज्यांच्याकडे वरणभात खायला जायचो ती मराठी कुटुंबे शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती आणि संध्याकाळी साडेचारला त्यांच्यापैकी प्रत्येक जण आपापल्या किटाच्या दारात उभा असे. शेवटी दोन ओळी रिकाम्या ठेवून आम्ही अर्ज दिला. तिथल्या बाईंनी त्यांवर बोट ठेवून विचारले, "आजी-आजोबा?" मी म्हटले, "सांगलीला आणि नाशिकला." त्यांनी हसून पान फाइलला लावले.

त्या रिकाम्या ओळीचा अर्थ पुढच्या वर्षी नोव्हेंबरात कळला. नवरा कामासाठी परगावी होता आणि माझी लोकल शहराच्या मधल्या बोगद्यात पाऊण तास अडकून पडली. फोनला रेंज आली तेव्हा पाच वाजून गेले होते. मी खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला फोन केला. त्या निवृत्त नर्स, सत्तरी ओलांडलेल्या, किटापासून दहा मिनिटांवर. त्या लगेच निघाल्या, पोहोचल्या, आणि तिथल्या शिक्षिकेने त्यांच्या हाती मूल द्यायला नकार दिला. नियमच तसा आहे: कागदावर नाव नसेल तर मूल मिळत नाही, आईने फोनवरून कितीही विनवणी केली तरी. मी पोहोचले तेव्हा शिक्षिका स्वतःचा कोट घालून बसली होती, लेक टोपी-मोजे घालून तिच्या मांडीवर होती आणि शेजारीणबाई समोरच्या लहान मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे वर करून बसल्या होत्या. तिघींपैकी कोणीही माझ्यावर रागावले नाही. राग आला असता तर बरे वाटले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या ओळीत मी त्या बाईंचे नाव लिहिले.

त्या दिवसापासून आमच्या घरातले भांडण सुरू झाले असे म्हणता येईल, जरी त्याला भांडण म्हणावे असा आवाज फार क्वचित चढला. नवऱ्याचे म्हणणे होते की तिसऱ्या ओळीत परक्या बाईचे नाव लिहावे लागते, यातच सगळे आले. आता परत जायला हवे. माझे म्हणणे होते की तिसऱ्या ओळीत लिहायला नाव मिळाले. आता राहता येईल. एकाच कागदावरून आम्ही दोघांनी दोन उलटे निष्कर्ष काढले आणि गेली सहा वर्षे आम्ही दोघेही आपापल्या निष्कर्षाला पुरावे जोडतो आहोत.

त्याच्याकडचा सर्वांत मोठा पुरावा जानेवारी २०२१ मधला आहे आणि त्याच्यापुढे मी आजही काही बोलत नाही. सासरे सांगलीत गेले. नियमित विमानसेवा तेव्हा बंद होती, दोन देशांतल्या तात्पुरत्या करारावर चालणारी मोजकी विमाने होती. आरटीपीसीआरचा अहवाल घेऊन, तिकीट मिळवून तो तिसऱ्या दिवशी मुंबईला उतरला, आणि युरोपातून आलेला म्हणून विमानतळावरून थेट हॉटेलात विलगीकरणात गेला. सात दिवस. सांगली तिथून पावणेचारशे किलोमीटर. अग्नी चुलत दिरांनी दिला होता, दहाव्यालाही तेच उभे राहिले, हा तेराव्याला पोहोचला. त्या सात दिवसांबद्दल तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: हॉटेलच्या खिडकीतून एसटीचा डेपो दिसायचा आणि कोणती गाडी कुठे चालली आहे ते पाट्यांवरून वाचता येत असे.

यानंतर आमच्या बोलण्यात 'आधार' हा शब्द फार येऊ लागला, आणि तो शब्द आम्ही दोघे वेगवेगळ्या अर्थाने वापरतो हे लक्षात यायला मला बराच वेळ लागला. मी आधार म्हणते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर साडेचारची वेळ असते. लेक लहान असताना एका हिवाळ्यात आठ-दहा वेळा आजारी पडायची. ताप उतरून पूर्ण दिवस गेल्याशिवाय किटा परत घेत नसे. आजारी मुलासाठीची रजा तेव्हा प्रत्येक पालकाला वर्षाला दहा दिवस होती, आता पंधरा आहे, आणि आमचे दोघांचे मिळून वीस दिवस मार्च उजाडण्याआधी संपत. मला आधार म्हणजे तो एकविसावा दिवस सांभाळणारे माणूस हवे होते. नवरा आधार म्हणतो तेव्हा त्याला हॉटेलची खिडकी आठवते. त्याला आधार घ्यायचा नाही, द्यायचा आहे, आणि तो देता येत नाही याचा सल आहे. मला हवा असलेला आधार लेक मोठी होत गेली तसा दरवर्षी थोडा कमी लागू लागला. त्याला द्यायचा असलेला आधार सासूबाईंच्या गुडघ्यांबरोबर दरवर्षी वाढत गेला. आम्ही एकाच वेळी एकाच गोष्टीबद्दल बोलत होतो असे मला आता वाटत नाही.

आईंनाच इकडे आणावे, हा पहिला विचार कोणालाही सुचतो, तसा आम्हालाही सुचला. त्या येतातही, पण पाहुण्यांच्या व्हिसावर, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९०. लेकीच्या जन्मावेळी माझी आई अशीच आली होती आणि नव्वदाव्या दिवशी, लेक अडीच महिन्यांची असताना, विमानतळावर तिने डिंकाच्या लाडवांचा उरलेला डबा माझ्या हातात दिला होता. कायमचे आणायचे तर जर्मनीच्या कायद्यात मोठी अडचण आहे: आईवडिलांसाठी 'असाधारण हलाखी' सिद्ध करावी लागते, आणि सांगलीत स्वतःच्या घरात, ओळखीच्या डॉक्टरांच्या भरवशावर राहणारी बाई त्यात बसत नाही. गंमत अशी की २०२४ मध्ये कायदा बदलला. ज्या कुशल कामगाराला पहिला परवाना १ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर मिळाला, त्याला आता आईवडील आणि सासूसासरेही आणता येतात. माझ्या ऑफिसात त्या उन्हाळ्यात रुजू झालेला नागपूरचा मुलगा त्यात बसतो. दहा वर्षे कर भरलेले आम्ही बसत नाही. अर्थात त्याचेही घोडे आरोग्य विम्यापाशी अडले आहे, कारण सत्तरीच्या माणसाला इथला सरकारी विमा दार उघडत नाही आणि खाजगी विम्याचा हप्ता ऐकून त्याने पुढे विचारणेच सोडले. तरीही ती तारीख मला अजून टोचते.

मग राहिले आम्ही जाणे. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत, ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, आम्ही साडेपाच आठवडे देशात राहिलो ते सुटी म्हणून नव्हे, पाहणी म्हणून. ही कल्पना नवऱ्याची आणि ती चांगली होती, हे मी मोकळेपणी मान्य करते. त्या पाहणीत मला जे दिसले ते मात्र त्याला आवडले नाही. तो गाड्यांच्या ब्रेकच्या नियंत्रणप्रणालीवर काम करतो, मी औषधांच्या चाचण्यांच्या आकडेवारीचे काम करते. सांगलीत आमच्या दोघांच्या कामाचे काहीही नाही. दोघांनाही मिळू शकेल ती नोकरी पुण्यात. म्हणजे 'घरी परत जायचे' असे आम्ही जे इतकी वर्षे म्हणत होतो, त्याचा प्रत्यक्ष अर्थ हिंजवडीच्या किंवा खराडीच्या बाजूला एक फ्लॅट घेणे असा होता, जिथे आमचे कोणीही राहत नाही. पुणे ते सांगली साधारण २३० किलोमीटर. आम्ही त्या साडेपाच आठवड्यांत तीन वेळा तो रस्ता केला. महामार्गाची कामे चाललेली, एकदा पाच तास लागले, एकदा सात. शुक्रवारी रात्री निघून रविवारी संध्याकाळी परत, दर आठवड्याला कोणी करू शकत नाही. महिन्यातून एकदा होईल.

मी रात्री आतेबहिणीच्या गॅलरीत बसून त्याला हा हिशोब सांगितला. लेकीची शाळेची बस साडेतीनला येईल, आपण दोघे साडेसातला. तेव्हा तिसऱ्या ओळीत कोणाचे नाव लिहायचे? तो म्हणाला, "आईला पुण्याला आणू." मी म्हटले, आईंची भिशी सांगलीत, त्यांचा गणपतीचा घाट सांगलीत, सकाळी फिरायला जाणाऱ्या त्यांच्या चार मैत्रिणी सांगलीत, त्यांना बाराव्या मजल्यावर आणून साडेतीनला नातीला बसमधून उतरवून घ्यायच्या कामाला लावायचे, याला त्यांना आधार देणे म्हणायचे की त्यांच्याकडून घेणे? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण रात्री दोनला फोन आला तर सकाळी सातला पोहोचता येईल." याला माझ्याकडे उत्तर नाही. म्युनिकहून सगळे सुरळीत झाले तरी दारातून दारात चोवीस तास लागतात. पाच तास आणि चोवीस तास यांतल्या फरकासाठी माणूस आपले सगळे आयुष्य उचलून नेऊ शकतो, हे मला त्या रात्री पहिल्यांदा पटले.

लेकीचे एक सांगायलाच हवे, कारण घरातल्या या वादात दोन्ही बाजू तिलाच साक्षीला बोलावतात. ती मराठी बोलते, सांगलीच्या ढंगात बोलते, 'काय करायलाईस' असे आज्जीला विचारते. वाचता-लिहिता मात्र जर्मनच येते. सांगलीहून निघताना तिने आज्जीसाठी उशाखाली एक चिठ्ठी ठेवली, मराठीत, पण रोमन अक्षरांत आणि जर्मन उच्चारांच्या हिशोबाने. जर्मनमध्ये 'जे' हे अक्षर 'य' सारखे उच्चारतात, म्हणून 'आज्जी' लिहायला तिने डी, एस, सी, एच अशी चार अक्षरे ओळीने वापरली होती. 'चहा' मधल्या एका 'च' साठीही चारच. सासूबाईंनी चष्मा लावून ती चिठ्ठी अक्षरे जोडत मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला आणि त्यातून जे काही बाहेर पडले त्यावर त्या दोघीही पोट धरून हसल्या. नवरा हसला नाही. त्याच्या मते आणखी दोन वर्षांत हे हसण्यासारखे राहणार नाही. ती आता तिसरीत आहे. इथे बव्हेरियात चौथीच्या मे महिन्यात, जर्मन, गणित आणि परिसर या तीन विषयांच्या गुणांच्या सरासरीवर मूल कोणत्या शाळेत जाणार ते ठरते: २.३३ किंवा त्याहून चांगली, म्हणजे इथल्या पद्धतीत कमी, सरासरी असेल तर गिम्नाझिउम, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणारी शाळा. म्हणजे मे २०२७. त्या आधी नेली तर ती तिकडे चौथी-पाचवीत देवनागरी गिरवत का होईना रुळेल. त्यानंतर इथल्या रुळांवर पडेल आणि मग उचलणे अवघड, असा त्याचा हिशोब आहे. तो चूक आहे असे मी म्हणू शकत नाही.

आता कागदांविषयी, कारण शेवटी सगळे कागदांपाशीच येते. आमच्या दोघांकडे भारतीय पासपोर्ट आणि इथला कायम वास्तव्याचा परवाना, ज्याला आपल्याकडचे सगळे पीआर म्हणतात, तो आहे. 'वर्षभर जाऊन पाहू, नाही जमले तर परत येऊ' हे वाक्य आमच्या ओळखीत प्रत्येक जण म्हणतो आणि ते बहुतेकांनी तपासलेले नसते. हा कायमचा परवाना फार कायमचा नाही. सहा महिन्यांच्या आत परत आले नाही तर तो संपतो. जाण्याआधी कार्यालयाकडून मुदत वाढवून घेता येते, पण तात्पुरत्या कारणासाठी. आणि घर सोडून, नोकरी सोडून, सामानाचा कंटेनर भरून जो कायमचा निघतो, त्याचा परवाना सहा महिने थांबतही नाही, जाण्याबरोबरच संपतो. लेकीचाही तसाच.

मी मागच्या वर्षी जर्मन नागरिकत्वाचा अर्ज करायचे ठरवले. जून २०२४ पासून इथे पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर तो करता येतो आणि जर्मनी जुना पासपोर्ट सोडायला सांगत नाही. सोडावा लागतो तो भारताच्या कायद्यामुळे, कारण परके नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की आपले भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. मग ओसीआय कार्ड घ्यायचे: राहता येते, काम करता येते, मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. नवऱ्याला हे मी दार बंद करते आहे असे वाटले. "तू एका बाजूला गेलीस की मग बोलायला काय उरले?" असे तो म्हणाला, आणि पुढे एक रास्त मुद्दा मांडला की लेकीचेही नागरिकत्व माझ्याबरोबर बदलले तर उद्या तिला तिकडे वैद्यकीयला वगैरे जायचे झाल्यास २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे ओसीआय म्हणून फक्त एनआरआय कोट्यातल्या जागा मिळतील. लेकीच्या अर्जावर दोन्ही पालकांच्या सह्या लागतात. माझी सही असलेला तो कागद आठ महिने फ्रीजवर, कचऱ्याच्या तारखांच्या तक्त्याशेजारी, चुंबकाखाली होता.

आणि मग एका रविवारी मला वास्तव्याच्या कायद्याच्या एकावन्नाव्या कलमात एक वाक्य सापडले. जर्मन नागरिकाबरोबर वैवाहिक सहजीवनात राहणाऱ्या परदेशी जोडीदाराचा कायम परवाना, त्याच्यावर गंभीर गुन्ह्यासारखे काही नसेल तर, देशाबाहेर राहिल्याने संपत नाही. मी ते चार वेळा वाचले, मग सल्ला केंद्रातल्या बाईंना विचारले. त्यांनी होय म्हटले आणि जाण्याआधी कार्यालयाकडून तसा दाखला मागून घ्या, असेही सांगितले. म्हणजे मी जर्मन झाले तर आम्ही तिघे सांगलीला किंवा पुण्याला कितीही वर्षे राहिलो तरी माझा आणि लेकीचा पासपोर्ट आणि त्याचा परवाना, तिन्ही शाबूत राहणार. ज्या कागदाला तो दार बंद करणारा कागद समजत होता, त्याच कागदामुळे त्याला भारतीय पासपोर्ट न सोडता परत जाऊन पाहता येणार होते. मी त्याला वाक्य दाखवले. त्याने जर्मनमध्ये वाचले, मग मला मराठीत सांगायला लावले, मग विचारले, "म्हणजे तू राहायचे म्हणून घेतलेस, तर मला जाता येईल?" मी हो म्हटले. तो म्हणाला, "भलताच कायदा आहे," आणि भांडी धुवायला उठला.

मी हे ऐकून एकदम जायला तयार झाले, असे मात्र नाही. माझ्या बाजूलाही एक गाठ पडली आहे आणि ती त्याला पूर्वी दिसत नव्हती. खालच्या बाईंची मागच्या वसंतात खुब्याची शस्त्रक्रिया झाली. त्यांचा मुलगा हॅम्बुर्गला असतो, नाताळला येतो. रुग्णालयाच्या अर्जात 'कोणाला कळवावे' या रकान्यात त्यांनी मुलाच्या नावाखाली माझे नाव लिहिले आणि मग मला विचारले, चालेल ना. लेक त्यांना ओमा म्हणते, म्हणजे आजीच. नवऱ्याला पूर्वी ते ऐकून कसेसे व्हायचे. शस्त्रक्रियेनंतरचे तीन आठवडे त्यांचे सामान वर-खाली करायला, त्यांना पायमोजे घालायची ती पन्हाळीसारखी पट्टी वापरून दाखवायला तोच जात होता. एकदा वर येऊन म्हणाला, "तुझ्या सासूला मी हे करायला हवे होते." 'माझ्या आईला' न म्हणता 'तुझ्या सासूला' म्हणाला, हे मला तेव्हा लक्षात आले नाही, रात्री आले.

सासूबाईंना आम्ही यातले सगळे सांगत नाही, पण त्यांना सगळे ठाऊक असते. सांगलीच्या घराचा वरचा मजला त्यांनी भाड्याने दिला आहे, नेहमीप्रमाणे अकरा महिन्यांच्या करारावर, आणि तो मार्चअखेर संपतो. परवा रविवारी त्यांचा फोन आला. इकडचे दुपारचे साडेतीन, तिकडचे रात्रीचे आठ. इकडतिकडचे बोलून झाल्यावर म्हणाल्या, "वरचा मास्तर विचारायलाय, करार वाढवायचा का म्हणून. तुम्ही येणार असाल तर मी त्याला आत्ताच सांगते, त्याच्या पोराची शाळा आहे, ऐनवेळी कुठं जागा शोधेल तो?" नवऱ्याने माझ्याकडे पाहिले. फ्रीजवरच्या कागदावर आता दोन सह्या होत्या. दुसरी गुरुवारी रात्री कधीतरी झाली होती आणि आम्ही दोघेही त्याबद्दल बोललो नव्हतो.

"अकरा महिने वाढव," तो म्हणाला.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती, मग कॅलेंडरचे पान उलटल्याचा आवाज आला. "म्हणजे पुढच्या फेब्रुवारीपर्यंत," त्या म्हणाल्या. "मग जानेवारीत तुला परत विचारते."